बाबांच्या ठेवी शोधताना: पावत्या बँकेप्रमाणे नको, तारखेप्रमाणे लावा

वडील गेल्यावर कपाटातून निघणाऱ्या कागदांचा पहिला अर्थ बहुतेक घरांत एकच लावला जातो: "बाबांनी पैसे कुठंकुठं पेरून ठेवले होते, कुणाला काही सांगितलं नाही." पुण्यातल्या निवृत्त माणसाच्या बाबतीत हा अर्थ बऱ्याचदा चुकतो. तीन सहकारी बँका, एक राष्ट्रीयीकृत बँक आणि पोस्ट, असा पसारा दिसला की त्यात हिशेब असण्याची शक्यता दाट असते. तो कळायच्या आत ठेवी मोडल्या तर पैसे मिळतात, पण आईचं महिन्याचं गणित मोडतं.

नमुन्यादाखल सहकारनगरमधलं एक घर धरू. वडील पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, जुलै 2025 मध्ये वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेले. आई आहे. मुलगी बाणेरला राहते आणि कागदांचं काम तिच्याकडे आलं आहे. आकडे उदाहरणाचे आहेत, नियम खरे आहेत.

आधी काय करू नये

साड्यांच्या दुकानाच्या पिशव्यांमध्ये कोंबलेले कागद वेगळे करायचा मोह आवरा. कोणत्या पिशवीत काय कशाबरोबर होतं, याचे फोटो काढा आणि मगच पिशवी उपसा. "पेड" शिक्का मारलेल्या जुन्या पावत्या रद्दीत टाकू नका. वडिलांचा मोबाइल नंबर बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा, कारण बँकांचे आणि म्युच्युअल फंडांचे मेसेज त्यावरच येत राहतात. मात्र हे सगळं वाचण्यापुरतं. त्यांच्या एटीएम कार्डाने किंवा ओटीपीने पैसे काढणं आईच्या नावावर असलं तरी चुकीचं आहे आणि पुढे भावंडांत त्याच नोंदीवरून खटके उडतात.

महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातून मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच घ्या. प्रत्येक बँक आणि फंड कंपनी एक तरी मागते. दाखल्यावरचं नाव पॅन आणि आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळतं का, ते खिडकीवरून हलण्याआधी पाहा. "दत्तात्रय" आणि "दत्तात्रेय" एवढ्या फरकाने अर्ज परत येतो.

पासबुक: दोन वर्षांचं, एका बैठकीत

पेन्शन ज्या खात्यात येत होती त्या मुख्य बचत खात्याचं पासबुक आधी छापून आणा. आईचं नाव संयुक्त असेल तर काही अडचण नाही. नसेल तर मृत्यू कळवून वारस म्हणून उतारा मागावा लागेल. उतारा किमान दोन वर्षांचा हवा. सहा महिन्यांचा पुरत नाही, कारण लाभांश बहुतेक वर्षातून एकदाच, जुलै ते सप्टेंबरच्या आसपास येतो, विम्याचा हप्ता वर्षाचा असतो आणि लॉकरचं भाडंही वर्षातून एकदाच कापलं जातं. लॉकर आहे हे कित्येक घरांना त्या एका ओळीतूनच कळतं.

ओळी वाचताना `ACH C` किंवा `ACH CR` अशी नोंद दिसली तर ती बाहेरून आलेली रक्कम, बहुधा लाभांश किंवा व्याज. `ACH D` म्हणजे आपोआप कापला जाणारा हप्ता. त्यापुढे `INDIAN CLEARING CORP` दिसलं तर तो बहुतेक म्युच्युअल फंडाचा एसआयपी असतो. तो थांबवायला फंडाला मृत्यू कळवावा लागतो, नाहीतर खात्यात शिल्लक असेपर्यंत पैसे जातच राहतात.

आता पेन्सिल घ्या आणि जी रक्कम पुन्हा पुन्हा येते तिच्यावर खूण करा. आपल्या घरात दोन आकडे वर आले. 30,750 रुपये दर तिमाहीला, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी. ही तारीखच ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची ओळख आहे. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 30,750 म्हणजे मुद्दल बरोबर 15 लाख. दुसरा आकडा 85,363 रुपये. तो तीनदा आला: ऑगस्ट 2023, मे 2024, फेब्रुवारी 2025. तिन्ही वेळा एनईएफटीने, पण तीन वेगवेगळ्या सहकारी बँकांकडून. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

जिथे घाई खरंच हवी

पहिलं काम ज्येष्ठ नागरिक योजनेचं. खातेदार गेल्याच्या तारखेपासून त्या खात्यावर बचत खात्याच्या दराने व्याज मोजलं जातं. पोस्टाच्या 4 टक्क्यांनी धरलं तर 30,750 चे 15,000 होतात. पण पती किंवा पत्नी संयुक्त खातेदार असेल किंवा एकमेव नॉमिनी असेल, आणि स्वतः पात्र असून तिचं दुसरं असं खातं नसेल, तर तेच खाते त्याच दराने मुदतीपर्यंत पुढे चालवता येतं. त्यामुळे "खातं बंद करून पैसे आईच्या नावावर करा" असं काउंटरवर कुणी सहज सांगितलं तरी आधी "खातं पुढे चालू ठेवायचं आहे" असा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. बंद करून नव्याने उघडलं तर त्या दिवशीचा दर मिळेल, जुना नाही.

पोस्टाचं स्वतंत्र पासबुक असेल तर तेही छापून आणा. मासिक प्राप्ती योजनेचं व्याज पोस्टाच्याच बचत खात्यात साचत राहिलं तर मुख्य बँकेत त्याचा मागमूस नसतो. या घरात संयुक्त 9 लाख होते, 7.4 टक्क्यांनी महिन्याला 5,550. कारखान्यातल्या नोकरीमुळे भविष्य निर्वाह निधीची पेन्शन चालू असेल तर ती आईच्या नावे करून घेण्याचा अर्जही याच आठवड्यात द्या.

बाकी कशालाही इतकी घाई नाही. मुदत ठेवींना तर नाहीच.

पावत्या जमिनीवर पसरायच्या

घरोघरी इथेच गोंधळ होतो. साहजिकपणे माणूस पावत्या बँकेप्रमाणे लावतो, कारण जायचं बँकेत असतं. त्यातून फक्त पत्त्यांची यादी तयार होते. त्याऐवजी वहीत एक तक्ता आखा: मुदत संपण्याची तारीख, ठेवलेली रक्कम, मिळणारी रक्कम, बँक, पावतीवर पहिलं नाव कुणाचं, पैसे कोण काढू शकतं, नॉमिनी. आणि ओळी फक्त तारखेच्या क्रमाने लिहा.

आपल्या मुलीला तीन चालू पावत्या सापडल्या. प्रत्येकी 4,00,000 रुपये, तीन वर्षं, 7.5 टक्के, व्याज शेवटी. मुदत नोव्हेंबर 2025, ऑगस्ट 2026 आणि मे 2027. पहिल्या दोन एकाच बँकेतल्या, तिसरी दुसऱ्या बँकेतली. शिवाय रबर लावलेला एक जुना गठ्ठा होता, 2015 ते 2018 मधल्या मोडून झालेल्या पावत्यांचा, आणि त्यातली प्रत्येक 77,000 रुपयांची.

सत्त्याहत्तर हजार! इतका विचित्र आकडा कोण ठेवतं? सहकारी बँकेत पैसे ठेवणारा सावध पुणेकर ठेवतो. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका माणसाला एका बँकेत ठरावीक रकमेपर्यंतच भरपाई देतं आणि त्या मर्यादेत मुद्दल अधिक व्याज दोन्ही धरतात. 4 फेब्रुवारी 2020 पर्यंत ही मर्यादा 1 लाख होती. 77,000 रुपये साडेआठ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, तीन वर्षांत 99,100 होतात. लाखाच्या आत, नऊशे रुपये राखून. 2020 मध्ये मर्यादा 5 लाख झाली. 4,00,000 रुपये साडेसात टक्क्यांनी तीन वर्षांत होतात 4,99,887. मर्यादेला 113 रुपये कमी.

हे समजायला पुण्यात फार लांब जावं लागत नाही. रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. मधली नऊ वर्षं ज्यांनी शेजारपाजारी पाहिली, त्यांना पावतीवर शेवटी मिळणारी रक्कम आधी वाचायची सवय लागली. ठेवी विखुरल्या होत्या त्या विसरभोळेपणाने नव्हे. शाखा बदलून उपयोग नसतो, बँक बदलावी लागते, कारण एका बँकेच्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी एकत्र मोजल्या जातात.

मग एकाच बँकेत दोन पावत्या कशा? पावतीवरची नावं नीट वाचा. नोव्हेंबरच्या पावतीवर वडील पहिले, आई दुसरी. ऑगस्टच्या पावतीवर आई पहिली, वडील दुसरे. ठेव विम्याच्या नियमात संयुक्त ठेवीतला नावांचा क्रम वेगळा असेल तर ती वेगळी ठेव मानतात आणि तिला स्वतंत्र 5 लाखांचं संरक्षण मिळतं. म्हणूनच "पहिलं नाव" हा रकाना तक्त्यात हवाच.

जी पावती नाही, ती तारीख सांगते

आता तारखांकडे पाहा. नोव्हेंबर 2025 ते ऑगस्ट 2026, नऊ महिने. ऑगस्ट 2026 ते मे 2027, पुन्हा नऊ. तीन वर्षं म्हणजे 36 महिने, आणि 36 मध्ये नऊ चारदा बसतात. म्हणजे ठेवी चार असल्या पाहिजेत. मे 2027 नंतर नऊ महिन्यांनी फेब्रुवारी 2028, आणि त्या ओळीची पावती घरात कुठेच नाही.

मुलीने आईला विचारलं, तर आई म्हणाली, "अगं, ते कॅलेंडरवर लिहायचे. मला वाटायचं दुधाचा हिशेब असेल." मागच्या वर्षांची कालनिर्णयं पलंगाखाली गुंडाळून ठेवलेली होती. फेब्रुवारी 2025 च्या पानावर, दुधाच्या खाड्यांच्या बाजूला, बारीक अक्षरात "ठे. 4, 3 व." आणि खाली "85 घरी". पासबुकातला 85,363 इथे जुळला. तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी 2022 मध्ये, साडेसहा टक्क्यांनी ठेवलेले 4 लाख 4,85,363 झाले. त्यातले 4 लाख त्यांनी तिथेच पुन्हा ठेवले आणि उरलेलं व्याज मुख्य खात्यात पाठवलं. एनईएफटीच्या ओळीत तिसऱ्या बँकेचं नाव होतंच. त्या शाखेत वडिलांचा पॅन आणि मृत्यूचा दाखला दिल्यावर ठेव दिसली. पावती ऑनलाइन निघालेली होती, छापलीच नव्हती.

आयकराच्या कागदांत ही ठेव सहज सापडली नसती, हेही समजून घ्या. फॉर्म 26AS मध्ये मुख्यतः कर कापलेल्या रकमा दिसतात. 4 लाखांच्या या ठेवीचं व्याज वर्षाला 31 ते 36 हजार, म्हणजे ज्येष्ठांसाठी कर कापण्याच्या मर्यादेच्या आत. तिथे ओळच उमटत नाही. वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे AIS मध्ये, कर न कापलेलं व्याजही बँकेने कळवलं असेल तर दिसतं, म्हणून तेच पाहायचं. त्यासाठी आयकर संकेतस्थळावर स्वतःच्या लॉगिनने `Register as Representative Assessee` मधून मयताचे वारस म्हणून नोंदणी करावी लागते. आणि ज्या पावतीवर आई पहिली आहे तिचं व्याज वडिलांच्या पॅनवर नसतंच, आईच्या पॅनवर असतं. आईचंही विवरण उघडा.

आता पूर्ण चित्र मांडता येतं. योजनेचे 30,750 म्हणजे महिन्याला 10,250, पोस्टाचे 5,550, मिळून 15,800 रुपये घरखर्चाला, त्यावर पेन्शन. दर नऊ महिन्यांनी एक ठेव पिकते, मुद्दल परत ठेवायचं आणि वरचे 85 हजार ते 1 लाख घरात आणायचे: मिळकतकर, आरोग्य विम्याचा हप्ता, दातांचा खर्च, नातवाची फी. ठेव कधीच मोडायची वेळ येऊ नये आणि एकाच वेळच्या पडलेल्या व्याजदराला सगळे पैसे सापडू नयेत, यासाठी ही शिडी होती.

वडील गेल्यावर या आराखड्याला पडणारी भेग

इतका नीट विचार करूनही एक गोष्ट त्यांच्यामागे आपोआप बिघडते. दोन्ही संयुक्त पावत्यांवरून वडिलांचं नाव कमी झालं की दोन्ही आईच्या एकटीच्या होतात. नावांचा क्रम उरत नाही, वेगळेपण संपतं. पहिल्या बँकेत आईचे आठ लाखांहून जास्त, आणि संरक्षण एकच 5 लाखांचं. त्या बँकेत आईचं बचत खातं असेल तर त्यातली शिल्लकही त्याच 5 लाखांत मोजली जाते.

म्हणून नोव्हेंबरची ठेव पिकली की ती तिथे पुन्हा ठेवू नका. 4 लाख चौथ्या बँकेत न्या, किंवा तिथेच ठेवायचे असतील तर आई आणि मुलगी अशा संयुक्त नावाने ठेवा. आजच शाखेत जाऊन एक गोष्ट मात्र तपासा: पावतीवर "आपोआप नूतनीकरण" आहे का? असेल तर नोव्हेंबरमध्ये कुणी न गेल्यास 4,99,887 ची नवी ठेव होईल आणि पहिल्या तिमाहीतच ती 5 लाखांवर जाईल. आणि नूतनीकरण नसेल आणि ठेव तशीच पडून राहिली तर बचत खात्याचा दर किंवा ठरलेला दर, यांतला जो कमी तोच मिळेल. दोन्हीकडून तारीख चुकवण्यात तोटा आहे.

पैसे मागताना पावतीवर "दोघांपैकी एक किंवा हयात" असं असेल किंवा नॉमिनी नोंदलेला असेल, तर बँकेने वारस दाखला किंवा न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनुसार कागद पूर्ण असल्यास दावा 15 दिवसांत निकाली काढायचा असतो. नॉमिनी नसेल तरी सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला सोपी पद्धत लागू आहे. वडिलांच्या ठेवी 4 लाखांच्या असण्याचा हा एक नकळत झालेला फायदा. त्यापुढच्या रकमेला शिवाजीनगरच्या न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मात्र भावंडांना आधीच सांगून टाका. नॉमिनी पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांचा असतो. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हेच सांगितलं. योगायोग असा की तो निकाल कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या वादात आला. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मुलगे आणि मुली, लग्न झालेल्याही, सारख्या वाट्याच्या. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही तेवढाच वाटा. हे पुष्कळ जण विसरतात.

उरलेलं, थोडक्यात

म्युच्युअल फंडांसाठी वडिलांच्या पॅनवर एकत्रित खाते विवरण मागवा. ते नोंदलेल्या ईमेलवर येतं. ईमेलच उघडत नसेल तर सेबीने 2025 मध्ये सुरू केलेल्या `MITRA` मंचावर विसरलेले फोलिओ शोधता येतात. शेअरचा लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात. ते `iepf.gov.in` वर नावाने शोधता येतात. बँक ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं `UDGAM` आहे, पण तिथे दहा वर्षं हात न लागलेल्याच रकमा दिसतात आणि जोडलेल्या बँका मुख्यतः मोठ्या व्यापारी बँका आहेत. फेब्रुवारी 2028 ची ठेव तिथे शोधत बसलात तर कधीच सापडणार नाही.

मृत्यूच्या तारखेपर्यंतचं व्याज वडिलांच्या विवरणपत्रात आणि त्यानंतरचं ज्यांना मिळालं त्यांच्या विवरणपत्रात दाखवायचं आहे. त्यामुळे प्रत्येक ठेवीचा त्या तारखेपर्यंतचा व्याजाचा दाखला बँकेकडून आत्ताच घेऊन ठेवा. वर्ष उलटल्यावर तो मिळवायला चार फेऱ्या होतात.

तक्ता पुरा झाल्यावर त्याची एक प्रत आईजवळ द्या आणि पुढच्या तीन वर्षांतल्या चारही तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा, प्रत्येक तारखेच्या पंधरा दिवस आधीच्या चौकटीत. पुढच्या सालांची कालनिर्णयं अजून आलेली नसतात, म्हणून मे 2027 आणि फेब्रुवारी 2028 सध्या डिसेंबरच्या पानाच्या मागे.